फोटोतल्या पचनसंस्थेच्या आकृतीवर घासाचा माग

प्रश्न : मुलीच्या शाळेत लावलेल्या पचनसंस्थेच्या तक्त्याचा फोटो मोबाइलवर काढून आणला आहे, पण नावे पुसट आली आहेत. घास तोंडातून निघाल्यावर कुठून कुठे जातो, हे तिला बोटाने दाखवायचे आहे. जठराच्या लगेच खाली मोठे आतडे दिसते, मग अन्न आधी त्यात जाते का? आणि यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड यांच्यातून अन्न कधी जाते?

उत्तर :

दोन्ही शंकांचे थोडक्यात उत्तर आधी देतो. जठरातून अन्न मोठ्या आतड्यात जात नाही. ते आधी लहान आतड्यात जाते आणि मोठे आतडे सगळ्यात शेवटी येते. यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड यांच्यातून अन्न कधीच जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवताना पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची बोटेही नेमकी याच दोन जागी चुकलेली मी अनेकदा पाहिली आहेत. या चुकीचा उगम आकृतीतच आहे, कारण शरीरात एकापुढे एक असलेल्या गोष्टी सपाट कागदावर एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. म्हणून या दोन जागांवर मी अधिक थांबेन आणि उरलेला प्रवास त्यांच्या अनुषंगाने सांगेन.

बोट ठेवण्यापूर्वी फोटोची दिशा तपासून घ्यावी. आकृतीतील माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. यकृत शरीरात उजवीकडे, बरगड्यांच्या आड असते, म्हणून फोटोत तो मोठा तपकिरी तांबूस अवयव डावीकडे वर दिसला पाहिजे. जठर फोटोत उजवीकडे झुकलेले असले पाहिजे, आणि आंत्रपुच्छाची, म्हणजे ज्याला आपण सर्रास अपेंडिक्स म्हणतो त्याची, छोटी शेपटी डावीकडे खाली दिसली पाहिजे. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधी कधी आरशातल्यासारखा उलटा साठवला जातो. अक्षरे वाचता येत असतील तर ती उलटी दिसून हे लगेच कळते, पण नावे पुसट असतील तर यकृताची बाजू हीच खूण उरते. (ज्यांचे सगळे अवयव जन्मतःच आरशातल्यासारखे उलट्या बाजूंना असतात अशी माणसेही असतात, साधारण दहा हजारांत एक, पण शाळेचा तक्ता त्यांचा नसतो.)

एक गोंधळ शब्दाचाही आहे. 'अन्ननलिका' हा शब्द काही मराठी पुस्तकांत तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या संपूर्ण नळीसाठी वापरतात, तर बोलण्यात आणि काही पुस्तकांत तो फक्त घशापासून जठरापर्यंतच्या सरळ भागासाठी येतो. मी त्या सरळ भागाला येथे ग्रासनलिका म्हणेन आणि संपूर्ण मार्गाला अन्नमार्ग म्हणेन. तुमच्या मुलीच्या पुस्तकात कोणता शब्द कोणत्या अर्थाने आहे ते एकदा पाहून घ्यावे, नाहीतर तिचे उत्तर बरोबर असूनही चुकल्यासारखे वाटेल.

आता एक घास निवडू. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, त्यावर पिठले आणि थोडे तूप. यात भाकरीचा पिष्टमय भाग, डाळीच्या पिठातील प्रथिने, तुपाची चरबी आणि ज्वारीच्या कोंड्याचे तंतू असे चारही प्रकारचे पदार्थ आहेत, आणि त्यांचे पचन वेगवेगळ्या ठिकाणी होते, त्यामुळे आकृतीत बोट कुठे थांबवायचे हे या घासावरून ठरवता येते.

तोंडात दात घास बारीक करतात आणि लाळ तो ओला करते. लाळेतील विकर पिष्टमय पदार्थाचे तुकडे करू लागते, म्हणूनच भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते. लाळग्रंथी आकृतीत कानाच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लहान गाठींसारख्या दाखवतात. त्यांच्यातून लाळ तोंडात येते, पण अन्न त्यांच्यात शिरत नाही. ही गोष्ट मुलीला इथेच नीट दाखवून ठेवावी, कारण पुढे यकृत आणि स्वादुपिंड यांचे नातेही अगदी असेच आहे.

घशात अन्नाची वाट आणि हवेची वाट काही अंतर एकच असते. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि त्याच्या तोंडावर एक झाकण येते. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळल्यास ते वर गेलेले स्पष्ट जाणवते. पुढे वाटा वेगळ्या होतात. श्वासनलिका पुढच्या बाजूला आणि ग्रासनलिका तिच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असते. बऱ्याच तक्त्यांत श्वासनलिका काढलेलीच नसते, त्यामुळे फोटोत मानेतून खाली जाणारी एकच नळी दिसली तर ती ग्रासनलिका समजावी. ती सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते, हृदयाच्या मागून खाली येते, श्वासपटलाला असलेल्या छिद्रातून पोटात उतरते आणि जवळजवळ लगेच जठराला मिळते. घास तिच्यातून साधारण आठ ते दहा सेकंदांत खाली जातो. तो केवळ वजनाने पडत नाही. नळीच्या भिंतीतील स्नायू त्याच्या मागे आवळत आणि पुढे सैल होत त्याला ढकलतात, म्हणून आडवे पडूनही गिळता येते. येथे पचन काहीच होत नाही, त्यामुळे बोट थांबवण्याचे कारण नाही.

जठर ही पिशवी फोटोत उजवीकडे वरून सुरू होऊन वळत वळत मध्याकडे, म्हणजे डावीकडे, येते. तिच्यात शिरलेला घास साधारण दोन ते चार तास घुसळला जातो. तूप जितके जास्त तितका अधिक वेळ लागतो. जठराच्या भिंतीतून आम्ल आणि प्रथिने तोडणारे विकर स्रवते, आणि आपल्या घासातल्या पिठल्याच्या प्रथिनांवर काम येथे सुरू होते. लाळेचे काम मात्र आम्ल घासाच्या आतपर्यंत पोहोचले की थांबते. जठरात अन्नाचे खरोखर काय होते हे माणसाला प्रत्यक्ष दिसले ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठरापर्यंतचे छिद्र कायमचे राहिले. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी अन्नाचे तुकडे रेशमी धाग्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले आणि काही काळाने बाहेर काढून पाहिले. १८३३ साली त्यांनी ती निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि जठरातले पचन ही रासायनिक क्रिया आहे हे त्यामुळे ठसले.

आता पहिली अवघड जागा. जठराच्या खालच्या कडेला लागूनच, फोटोच्या मध्यभागी आडवी जाणारी जाड, गाठीगाठींची नळी दिसते. ती मोठ्या आतड्याचा आडवा भाग आहे. बोट वरून खाली येत असल्याने ते साहजिकच जठरातून थेट त्या नळीत उतरते. परंतु जठराला त्या बाजूला तोंडच नाही. जठराच्या खालच्या कडेपासून एक चरबीयुक्त पडदा लोंबतो आणि आडवे आतडे त्याला जोडलेले असते. आतून एकमेकांत उघडणारी वाट तेथे नाही. जठरातून बाहेर जाण्याची वाट त्याच्या निमुळत्या टोकाला, फोटोत जठराच्या डाव्या टोकाशी, यकृताच्या खालच्या कडेजवळ आहे. तेथे स्नायूंचे एक जाड कडे असते आणि ते पातळ झालेले अन्न थोडे थोडेच पुढे सोडते. फोटो मोठा करून पाहिल्यास जठराची कड तेथे आत आवळलेली दिसेल. बोट त्या आवळलेल्या जागेवर आणून थांबवावे आणि मगच पुढे न्यावे. एवढे केले की मोठ्या आतड्यात उडी मारण्याची चूक होत नाही.

त्या कड्यापलीकडे लहान आतड्याचा पहिला भाग, आद्यांत्र, सुरू होतो. तो जेमतेम २५ सेंटिमीटरचा आहे, पण संपूर्ण आकृतीत सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा तुकडा तोच आहे असे माझे मत आहे. त्याचा आकार इंग्रजी 'सी' अक्षरासारखा असतो. फोटोत तो आधी डावीकडे वळतो, मग खाली उतरतो आणि मग उजवीकडे जातो. 'सी'च्या पोकळीत स्वादुपिंडाचे डोके बसलेले असते आणि स्वादुपिंडाचा उरलेला भाग जठराच्या मागून उजवीकडे जातो. अडचण अशी की आद्यांत्र पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटलेले असते आणि आडवे आतडे त्याच्या पुढून जाते. त्यामुळे काही तक्त्यांत ते अर्धे झाकलेले असते, तर काहींत आडव्या आतड्याचा मधला भाग कापून काढलेला दाखवतात. तुमच्या फोटोत मोठ्या आतड्याची कापलेली दोन तोंडे दिसत असतील तर ती खरी तोंडे समजू नयेत. मागचे दिसावे म्हणून चित्रकाराने तो तुकडा उचलला आहे. तसेच, तक्ता लॅमिनेट केलेला असेल तर त्यावर पडलेली दिव्याची चमक बहुधा मधोमधच येते आणि नेमका हाच भाग पांढरा होतो. शक्य असेल तर दिव्याच्या थेट समोर न उभे राहता, पण कॅमेरा तक्त्याशी समांतर ठेवून, फक्त या भागाचा दुसरा फोटो घ्यावा. तिरका फोटो घेतल्यास नावांच्या रेषांची टोके कोणत्या अवयवावर येतात हे नीट कळत नाही, आणि आद्यांत्र व स्वादुपिंड यांच्या रेषा शेजारी शेजारी असल्याने अदलाबदल होते.

येथेच तुमच्या दुसऱ्या शंकेचे सविस्तर उत्तर आहे. यकृताच्या खालच्या बाजूने एक बारीक, बहुधा हिरवी रंगवलेली नळी खाली येते. पित्ताशयाची छोटी पिशवी एका फांदीने तिला जोडलेली असते. ही नळी आद्यांत्राच्या मागून उतरते, स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते, तेथे बहुतेकांमध्ये स्वादुपिंडाच्या नळीला मिळते, आणि दोन्हींचा रस 'सी'च्या उभ्या भागात एका लहानशा उंचवट्यावरील छिद्रातून आत पडतो. म्हणजे या अवयवांतून अन्नाकडे वाहते ते फक्त रस, आणि वाहण्याची दिशा अवयवाकडून आतड्याकडे असते. आकृतीवर बोट फिरवताना यकृतावर कधीच जाऊ नये. उलट दुसऱ्या हाताचे बोट यकृतावरून खाली आणून आद्यांत्रात पहिल्या बोटाला भेटवावे. मुलांना हे पाहताक्षणी समजते.

पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ते तयार करत नाही, केवळ साठवून दाट करते. त्यात साधारण ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावते. पित्ताशयात जाण्याची आणि तेथून येण्याची वाट एकच फांदी असते, म्हणून त्या फांदीवर दोन्ही दिशांचे बाण काढले तर ते चूक नाही. आपल्या घासातले तूप आद्यांत्रात पोहोचले की आतड्याच्या भिंतीतून एक संप्रेरक रक्तात सुटते, त्याच्या इशाऱ्याने पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त खाली येते. पित्तात विकर नसते. साबणाने तेलकट भांड्यावरचे तेल सुटे व्हावे तसे ते तुपाचे बारीक थेंब करते, आणि त्या थेंबांवर स्वादुपिंडातले विकर काम करते. स्वादुपिंडाचा रस जठरातून आलेले आम्लही शमवतो आणि पिष्ट व प्रथिने यांचे राहिलेले विघटन पुढे नेतो.

ही वाट अशीच आहे, हे आजारात फार स्पष्ट दिसते. समजा, पित्ताशयातला लहान खडा निसटून त्या शेवटच्या छिद्राशी अडकला. पित्त खाली येत नाही, रक्तात साठते, डोळे पिवळे होतात आणि लघवी गडद होते. त्याच वेळी शौचाचा रंग मात्र फिकट, मातकट होतो, कारण शौचाला तपकिरी रंग देणारे द्रव्य पित्तापासूनच बनते. त्याच खड्यामुळे स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते, कारण त्याचेही तोंड तेथेच आहे. पण रोग्याने खाल्लेले अन्न आतड्यातून पुढे जाण्याची वाट मात्र बंद झालेली नसते. खड्यांमुळे शस्त्रक्रिया करून पित्ताशय काढून टाकलेली माणसे पूर्ववत जेवतात, कारण यकृताचे पित्त साठवणुकीविना थेट आद्यांत्रात येत राहते. पित्ताशय अन्नाच्या वाटेवर असते तर हे शक्य झाले नसते.

आद्यांत्रानंतर फोटोत मध्यभागी लहान आतड्याची वेटोळी दिसतात. येथे एकेक वेटोळे मोजत बोट फिरवण्याचा आग्रह धरू नये. ती चित्रकाराने जागा भरण्यासाठी काढलेली असतात आणि प्रत्यक्ष पोटात ती सतत हलत असतात. मृत शरीरात मोजल्यास लहान आतडे साधारण ६ मीटर भरते, जिवंत माणसात स्नायूंच्या ताणामुळे ते त्याहून आखूड असते. तरीही त्याला 'लहान' म्हणतात ते त्याच्या रुंदीवरून. त्याच्या आतल्या भिंतीवर मखमलीसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामुळे आतड्याचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे होते असे अनेक पुस्तकांत असते, परंतु २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी केलेल्या मोजणीत ते सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या खोलीएवढे, भरले. भाकरीची साखर आणि पिठल्याची प्रथिने सुटी होऊन याच भिंतीतून रक्तात जातात, आणि येथे आकृतीत सहसा न दाखवलेली एक गोष्ट घडते : ते रक्त एका मोठ्या शिरेने आधी यकृतात जाते. म्हणून 'यकृतात अन्न जाते का' या प्रश्नाचे पूर्ण उत्तर असे की घास जात नाही, पण घासातून शोषलेले बरेचसे पोषण रक्तामार्गे तेथे पोहोचते. तुपाची चरबी बहुतांशी वेगळ्या, लसिकेच्या वाटेने जाते. तुमच्या मुलीने कोठे तरी 'अन्न यकृतात जाते' असे ऐकले असेल तर ते या रक्ताच्या वाटेबद्दल असेल. अन्नमार्गाच्या आकृतीवर ती वाट बोटाने दाखवू नये.

लहान आतडे संपते ते फोटोत डावीकडे खाली, आणि ही आणखी एक फसवी जागा आहे. ते मोठ्या आतड्याच्या टोकाला न मिळता बाजूने मिळते. जोडाच्या खाली मोठ्या आतड्याची एक बंद पिशवी उरते आणि तिला आंत्रपुच्छ लटकलेले असते. तेथे बोट खाली घसरले तर वाट बंद होते. जोडावर पोहोचताच ते वर वळवावे. पुढचा प्रवास कमानीसारखा आहे : फोटोच्या डाव्या कडेने वर यकृताखालपर्यंत, मग जठराखालून आडवे उजवीकडे, आणि मग उजव्या कडेने खाली. सुरुवातीला जठराशेजारी दिसलेल्या त्या आडव्या नळीत अन्न पोहोचते ते असे, जठरातून निघाल्यानंतर कित्येक तासांनी आणि उलट्या बाजूने फिरून.

तोपर्यंत आपल्या घासातून उरलेले असतात ते मुख्यतः ज्वारीच्या कोंड्याचे तंतू आणि पाणी. दिवसभरात प्यायलेले पाणी, लाळ, जठररस, पित्त आणि इतर रस मिळून साधारण ९ लिटर द्रव अन्नमार्गात येतो. त्यातला फार मोठा भाग लहान आतडेच परत शोषून घेते. मोठ्या आतड्यापर्यंत दीड लिटरच्या आसपास पोहोचतो, आणि शौचावाटे बाहेर जातो तो त्यातला १०० ते २०० मिलिलिटरच. म्हणून 'पाणी मोठे आतडे शोषते' हे वाक्य बरोबर असले तरी अपुरे आहे. तंतूंचा काही भाग तेथील जीवाणू आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. हा टप्पा सर्वांत संथ असतो. अर्ध्या दिवसापासून दोन दिवसांपर्यंतही लागू शकतो. मुलीला हा वेळ स्वतः पाहायचा असेल तर एके दिवशी तिला उकडलेले मक्याचे दाणे नीट न चावता थोडे खाऊ द्यावेत. दाण्यांची साले पचत नाहीत, त्यामुळे ती शौचात कधी दिसतात ते नोंदवता येते. एक-दोन दिवसांत दिसली तर त्यात काही वावगे नाही.

उजव्या कडेने खाली आल्यावर आतडे नागमोडी वळण घेऊन पुन्हा मध्यरेषेवर येते आणि तेथून सरळ खाली उतरणारा सुमारे १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे मलाशय. त्याच्या शेवटी गुदद्वार. तक्त्यात या दोघांची नावे खाली एकाखाली एक असतात आणि फोटोत ती बहुधा सगळ्यात जास्त पुसट येतात, कारण कॅमेरा वर धरलेला असतो. वरची रेषा नळीच्या रुंद भागावर टेकत असेल तर ते मलाशय, आणि खालची अगदी टोकाशी टेकत असेल तर ते गुदद्वार, असे समजून पेन्सिलीने नावे पुन्हा लिहून घ्यावीत.